वस्तूच्या फोटोतून काय पुसावे आणि काय ठेवावे : भांड्यांच्या दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत भांड्यांचे दुकान चालवणाऱ्या अनेकांनी आता व्हॉट्सॲपवर आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर माल लावायला सुरुवात केली आहे. फोटोतील नको असलेली गोष्ट बोटाने पुसून टाकण्याची सोय जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आल्यापासून एक प्रश्न सतत विचारला जातो : नेमके किती पुसावे, म्हणजे फोटो नीटनेटका दिसेल आणि माल हातात पडल्यावर गिऱ्हाईक भांडणार नाही? पुढील उत्तरे प्रामुख्याने तांब्या-पितळेच्या हातघडणीच्या भांड्यांविषयी आहेत, कारण पुसण्याचा मोह आणि पुसण्याचा धोका हे दोन्ही तिथेच सर्वांत जास्त असतात.

फोटो साफ केल्याने तक्रारी खरोखर कमी होतात का?

काही तक्रारी कमी होतात आणि काही नव्याने निर्माण होतात, त्यामुळे सरसकट हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. हंड्याच्या फोटोत मागे पितळी समई आणि बाजूला पळी दिसत असेल, तर गिऱ्हाईक ती सोबत मिळणार असे गृहीत धरते आणि पार्सल उघडल्यावर "पळी कुठे आहे?" असा फोन येतो, समई आणि पळी पुसली की ही तक्रार मुळातच उरत नाही. त्याच फोटोत हंड्याच्या पोटावरची सांध्याची रेघ पुसली, तर आजवर न आलेली तक्रार येऊ लागते, कारण फोटोत एकसंध दिसलेल्या भांड्याला प्रत्यक्षात जोड निघतो. पलीकडून आवाज येतो, "भाऊ, फोटोमा येगळं व्हतं, हाई येगळंच शे." त्या वेळी जोड ही घडणीची रीतच आहे असे कितीही समजावले तरी उपयोग होत नाही, कारण ती रीत आपण स्वतःच फोटोतून लपवलेली असते.

हेही लक्षात घ्यावे की रंग वेगळा दिसला, भांडे लहान निघाले, वाटेत पोचा पडला, या तक्रारींवर पुसण्याचा काहीही उपाय चालत नाही. रंगासाठी उजेड नीट लागतो, मापासाठी आकडे लिहावे लागतात आणि पोच्यासाठी वेष्टन भक्कम करावे लागते.

मग काय पुसावे आणि काय ठेवावे, हे एका वाक्यात कसे ठरवायचे?

पार्सलच्या खोक्यात जे जाणार आहे ते फोटोत जसेच्या तसे राहिले पाहिजे, आणि जे खोक्यात जाणार नाही ते पुसायला हरकत नाही. भिंतीवरचा खिळा, फरशीवरची माती, मागच्या फळीवरची पातेली, विजेच्या बोर्डाची वायर, भांड्याखाली घातलेल्या गोणपाटाचा निघालेला धागा, या गोष्टी खोक्यात जाणार नाहीत. ठोक्यांचे ठसे, झाळ, रिबिटांची डोकी, काठाची घडी, बुडाखालची कडी, धातूत मुळातच असलेला बारीक ओरखडा, हे सगळे भांड्याबरोबर जाणार आहे.

या कसोटीला दोन अपवाद आहेत आणि दोन्ही नेमके विसरले जातात. भांड्याखालची सावली खोक्यात जात नाही, तरी ती पुसू नये; आणि मापासाठी बाजूला ठेवलेली पट्टी खोक्यात जात नाही, तरी ती निदान एका फोटोत राहू द्यावी. दोन्हींची कारणे पुढे आली आहेत.

एखाद्या भांड्याचे उदाहरण घेऊन सुरुवातीपासून सांगाल का?

हातघडणीचा तांब्याचा हंडा घेऊ : सुमारे १० लिटर पाणी मावणारा, पोटाजवळ २८ सेंटिमीटर रुंद, वजन १.६ किलोच्या आसपास. असा हंडा बहुधा दोन भागांत घडवतात. वरच्या आणि खालच्या भागाच्या कडांना दात पाडून ते एकमेकांत बसवतात आणि पितळेच्या झाळीने सांधतात. म्हणून पोटावर जवळून पाहिले की तांबूस पत्र्यात पिवळसर, करवतीच्या दातांसारखी वाकडीतिकडी रेघ गोल फिरलेली दिसते. बाहेरून मठारकाम केलेले असते, म्हणजे लहान हातोडीने एकाला एक लागून ठोके मारलेले असतात. यंत्रावर दाबून काढलेल्या हंड्यात ही रेघ नसते आणि ठोके असले तरी ते साच्यातून आल्यामुळे अगदी एकसारखे असतात.

समजा, दुकानाच्या ओट्यावर हा हंडा ठेवून सकाळी फोटो काढला आणि त्यात पुढील गोष्टी आल्या : डावीकडे अर्धे दिसणारे पातेले, गळ्याला बांधलेली सुतळी, पोटावर किमतीची चिठ्ठी, पोटाच्या मध्यावर झाळीची रेघ, काठाजवळ हरभऱ्याएवढा पोचा, खालच्या बाजूला पाण्याच्या थेंबांचे काळपट डाग आणि समोरच्या तकाकीत फोटो काढणाऱ्याचा निळा शर्ट.

पातेले पुसावे, त्यात काहीच अडचण नाही. फक्त ते हंड्याच्या कडेला टेकलेले दिसत असेल तर पुसण्याऐवजी हाताने बाजूला करून दुसरा फोटो काढावा, कारण कडेला लागून पुसताना हंड्याची गोलाई हमखास बिघडते. सुतळी आणि चिठ्ठी यांचा उपाय मोबाइलमध्ये नाही, हातात आहे. सुतळी सोडावी, चिठ्ठी काढावी, तिचा चिकटपणा रॉकेलने किंवा खोबरेल तेलाने पुसावा आणि मग फोटो घ्यावा. फोटोतून चिठ्ठी पुसली की तिच्याखालचा पत्रा मोबाइल स्वतःच्या अंदाजाने भरतो आणि तिथे खरोखर ओरखडा होता की नाही, हे आपल्यालाही कळत नाही.

झाळीची रेघ पुसू नये. उलट तिचा जवळून एक वेगळा फोटो घ्यावा. काठाजवळचा पोचा पुसू नये. तो काढता येत असेल तर कारागिराकडून काढून घ्यावा, नाहीतर तो नग वेगळ्या किमतीला, पोचा दाखवूनच विकावा. डाग चिंच-मिठाने हंड्यावरून जातात, म्हणून ते फोटोतून पुसायची गरजच उरत नाही. निळ्या शर्टाचा प्रश्न मात्र थोडा अवघड आहे, त्याचे उत्तर पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

एवढे केल्यावर लक्षात येते की मोबाइलच्या पुसणीने करण्यासारखे काम फक्त पातेल्याचे होते. बाकी सगळे एकतर हाताने करायचे होते किंवा करायचेच नव्हते. हातघडणीच्या मालात बहुतेक वेळा हेच प्रमाण राहते.

चकचकीत भांड्यात माझे आणि मोबाइलचे प्रतिबिंब येते. ते पुसले तर काय बिघडते?

उजळलेल्या तांब्या-पितळेवर आपण जे पाहतो ते बरेचसे धातूचे रूप नसते, समोरच्या वस्तूंचे प्रतिबिंबच असते, आणि त्या प्रतिबिंबाच्या रेषा कशा वाकतात यावरून डोळा भांड्याची गोलाई ओळखतो. पोचा डोळ्यांना दिसतो तोही याच कारणाने : खिडकीच्या चौकटीची सरळ रेघ पोच्यापाशी अचानक मुरडते. प्रतिबिंब पुसून तिथे गुळगुळीत तांबूस रंग भरला गेला की भांड्याचा तो भाग सपाट आणि प्लॅस्टिकसारखा दिसतो, आणि त्याच जागी असलेला पोचाही आपसूक नाहीसा होतो. आपल्याला शर्ट पुसायचा होता, पण त्याच्याबरोबर मालातला दोष पुसला गेला, आणि ते आपल्या लक्षातही आले नाही.

म्हणून प्रतिबिंब पुसण्यापेक्षा ते येऊच देऊ नये. भांड्यापासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर मागे सरकून झूम करून फोटो घेतला की फुगीर पोटातील आपले प्रतिबिंब पुष्कळ लहान होते. त्याहून चांगला उपाय म्हणजे समोर पांढरी चादर दोरीवर टांगावी, तिला मोबाइलच्या लेन्सपुरते भोक पाडावे आणि चादरीमागून फोटो काढावा. मग तकाकीत फक्त पांढरा उजेड आणि एक बारीक काळा ठिपका येतो. तो ठिपका सपाट भागावर असेल आणि त्याच्या आसपास पत्रा निर्दोष असल्याची हात फिरवून खात्री केली असेल, तर पुसायला हरकत नाही. उन्हाळ्यात खान्देशातले ऊन सकाळी नऊनंतर थेट वापरण्याजोगे राहत नाही, त्यामुळे हे काम सकाळी लवकर ओट्याच्या सावलीत उरकावे.

तांबे काही दिवसांत काळवंडते. फोटोतले डाग पुसले तर खोटे कसे?

फोटोतील डाग पुसायचा असेल तर तोच डाग भांड्यावरूनही पुसलेला असला पाहिजे, एवढी अट पाळली तर खोटे काहीच नाही. अडचण अशी होते की फोटो आज काढला जातो, हंडा कपाटात राहतो आणि ऑर्डर तीन आठवड्यांनी येते. तोपर्यंत दमट हवेने आणि हातांच्या घामाने तांब्यावर तपकिरी छटा चढते, आणि गिऱ्हाइकाला गुलाबी चकाकीऐवजी मळकट हंडा मिळतो. तो धुऊन उजळतो हे खरे असले तरी गिऱ्हाइकाने तो धुतलेलाच विकत घेतला होता.

त्यावर उपाय दोन आहेत. पाठवण्याच्या दिवशी भांडे पुन्हा उजळावे, पूर्ण कोरडे करावे आणि कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे. शिवाय वर्णनात लिहावे : "तांबे हवेने काळवंडते, चिंच व मीठ किंवा लिंबू व मीठ लावून धुतल्यास पुन्हा उजळते." आतून कल्हई केलेल्या भांड्यांना मात्र ही सूचना फक्त बाहेरच्या बाजूसाठी द्यावी, कारण आंबट आणि खारट पदार्थाने घासून कल्हई लवकर उडते आणि मग वेगळीच तक्रार उभी राहते. कल्हईतील राखाडी ढग किंवा हाताच्या पुसटीच्या खुणा फोटोतून पुसू नयेत. हाताने केलेली कल्हई आरशासारखी एकसारखी नसते, आणि ती तशी दाखवली की गिऱ्हाईक "कल्हई नीट लागली नाही" असे म्हणते.

फोटोतील नगाला पोचा आहे, पण गिऱ्हाइकाला दुसरा, चांगला नग जाणार आहे. मग पोचा पुसला तर चालेल ना?

तर्काने पाहिले तर चालेल असे वाटते, परंतु मी तसे करू नका असेच सांगतो. चांगला नग दुकानात आहे, तर फोटो त्याचाच काढावा. त्याला पुसण्याइतकाच वेळ लागतो. शिवाय पोचा पडलेला नग विकून टाकायची वेळ शेवटी येतेच, गर्दीच्या दिवसांत दुकानातील पोरगा हाती येईल तो नग बांधतो, आणि आखाजीच्या किंवा लग्नसराईच्या आठवड्यात असे घडले नाही असे दुकान सापडणे कठीण आहे. त्यानंतर फोटोत नसलेला पोचा गिऱ्हाइकाच्या हातात असतो आणि आपल्याजवळ सांगायला काही नसते.

एका फोटोवर अनेक नग विकताना मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. जी खूण त्या प्रकारच्या प्रत्येक नगावर असणार आहे, उदाहरणार्थ झाळ, ठोके, रिबिटे, ती फोटोत राहिलीच पाहिजे. जी खूण फक्त एकाच नगावर आहे, ती असलेला नग फोटोसाठी निवडू नये. आणि वर्णनात एक ओळ जोडावी की हातघडणीमुळे ठोक्यांची मांडणी आणि झाळीची रेघ प्रत्येक नगावर थोडी वेगळी असते.

सावली आणि पट्टी का ठेवायची?

भांड्याच्या बुडाखालची गडद, बारीक सावली पुसली की भांडे हवेत तरंगल्यासारखे दिसते. ते विचित्र दिसते हे तर खरेच, पण व्यवहारातील तोटा असा की बूड सपाट आहे, गोल आहे की त्याला कडी लावली आहे, हे फोटोतून कळेनासे होते. गोल बुडाचा हंडा गॅसच्या शेगडीवर किंवा ओट्यावर डुगडुगतो. सावली असती तर गोल बूड दिसले असते आणि गिऱ्हाइकाने आधीच विचारले असते.

मापाचे तसेच आहे. मागची पातेली, बाजूची फळी, हात, सगळे पुसून पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटे भांडे उरले की दोन लिटरचा तांब्या आणि दहा लिटरचा हंडा सारखेच दिसतात. "लहान निघाले" ही तक्रार बऱ्याच वेळा अशा अतिस्वच्छ फोटोमुळेच येते. मुख्य फोटो एकट्या भांड्याचा ठेवावा, परंतु दुसऱ्या किंवा तिसऱ्या फोटोत शेजारी शाळेतली ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरावी, आणि वर्णनात रुंदी, उंची, मावणारे पाणी व वजन हे चारही आकडे लिहावेत. पट्टीऐवजी नारळ किंवा फुलदाणी ठेवू नये. नारळ लहान-मोठा असतो आणि फुलदाणी सोबत मिळेल असे वाटते.

पुसल्याची खूण राहिली आहे का, हे कसे ओळखायचे?

फोटो मोबाइलवर पूर्ण मोठा करून भांड्याच्या कडेवरून सावकाश बोट फिरवल्यासारखी नजर फिरवावी. काठाची किंवा पोटाची गोल रेघ कुठे तुटली, सरळ झाली किंवा दुहेरी झाली असेल तर तिथे पुसणीने धातू खाल्ला आहे. मग ठोक्यांकडे पाहावे. हाताने मारलेले दोन ठोके कधीच तंतोतंत सारखे नसतात, म्हणून एकाच आकाराच्या ठोक्यांचा पुंजका दोन ठिकाणी दिसला तर एक जागा दुसरीची नक्कल आहे. ठोक्यांच्या मधोमध अचानक गुळगुळीत पट्टा दिसला तर तिथेही भरणा झाला आहे. शेवटी ज्यांच्या वस्तू उरल्या नाहीत अशा सावल्या शोधाव्यात : पातेले पुसले, पण त्याची फरशीवरची सावली आणि हंड्याच्या पोटातील त्याचे प्रतिबिंब राहिले, हा प्रकार फार सर्रास दिसतो.

मूळ फोटो आणि साफ केलेला फोटो एकामागून एक असे पालटून पाहिले की फरक चटकन ध्यानात येतो. ही तपासणी ज्याने फोटो साफ केला त्याने करण्यापेक्षा ज्याने तो माल बांधायचा आहे त्याने केलेली बरी, कारण भांडे कसे आहे हे त्याच्या हाताला माहीत असते.

कोणते साधन वापरावे?

साधनाच्या नावापेक्षा ते रिकामी जागा कशाने भरते हे महत्त्वाचे आहे. Snapseed मधील Healing आजूबाजूचा पोत घेऊन डाग झाकते. फरशीवरची माती किंवा चादरीवरचा ठिपका यासाठी ते पुरेसे आहे, आणि फोटो मोठा करून घेतला की पुसणीचा ठिपका तुलनेने लहान होतो, त्यामुळे नेमकेपणाने काम करता येते. Google Photos मधील Magic Eraser आणि अनेक मोबाइलमधील तशाच सोयी मोठी वस्तू एका फटक्यात काढतात आणि मागे काय असावे याचा अंदाज बांधून जागा भरतात. मोकळी भिंत किंवा चादर असेल तर हा अंदाज बरोबर येतो. भांड्याच्या अंगावर तो अंदाज म्हणजे नसलेला धातू घडवणे होय. म्हणून माझा नियम असा की पुसणी भांड्याच्या कडेच्या आत शिरू द्यायची नाही, आणि अपवाद करायचाच झाला तर वर सांगितलेल्या लेन्सच्या ठिपक्यापुरता करायचा.

मूळ फोटो कधीही खोडू नये. साफ केलेला फोटो वेगळा साठवावा आणि दोन्हींच्या नावात मालाचा क्रमांक व तारीख ठेवावी.

शेजारचा दुकानदार सगळे गुळगुळीत दाखवतो. मी झाळ दाखवली तर माझा माल कोण घेणार?

हा प्रश्न रास्त आहे. त्यावरचे उत्तर पहिल्या फोटोत दोष मिरवावा असे नाही. पहिला फोटो पांढऱ्या चादरीवर, स्वच्छ, झाळ उठून दिसणार नाही अशा कोनातून घ्यावा. कोन निवडणे म्हणजे लपवणे नव्हे, मात्र त्या सोबतच्या फोटोंत झाळ दिसलीच पाहिजे. दुसरा फोटो झाळीचा जवळून असावा आणि त्याखाली साध्या मराठीत मजकूर असावा, उदाहरणार्थ :

"हंडा दोन भागांत हाताने घडवलेला असून पोटावर पितळी झाळीचा सांधा आहे. पिवळसर रेघ ही घडणीची खूण आहे. रात्रभर पाणी भरून गळती नसल्याचे तपासले आहे. रुंदी २८ सेंमी, १० लिटर, वजन १.६ किलो."

अर्थात रात्रभर पाणी भरून तपासल्याशिवाय ती ओळ लिहू नये. अशा मजकुरानंतर झाळ हीच हातघडणीची खात्री ठरते आणि यंत्रावरच्या हंड्यापेक्षा जास्त किंमत का, याचे उत्तरही गिऱ्हाइकाला मिळते. ज्याला जोड नकोच आहे तो आधीच निघून जातो, आणि तो निघून गेलेला बरा, कारण परत येणाऱ्या दीड किलोच्या पार्सलचे भाडे दोन्ही बाजूंनी आपल्याच अंगावर पडते.

कायद्याने फोटो किती साफ करता येतो?

फोटो साफ करण्यावर बंदी नाही. मालाचे रूप बदलून दाखवण्यावर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिली आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हेही तिच्यात येते. त्या कायद्याखालच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळणारी असावी लागते, आणि माल सदोष असेल किंवा जाहिरातीत दाखवलेल्या वैशिष्ट्यांचा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी अशा वेळी कामाची नाही. व्हॉट्सॲपवर नियमितपणे धंदा करणाऱ्याने हे नियम आपल्याला लागू नाहीत असे समजू नये.

गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करू शकते किंवा आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाऊ शकते. त्याने तिथे दोन फोटो शेजारी ठेवले, एक आपण लावलेला आणि एक मिळालेल्या मालाचा, तर तिसरा पुरावा सहसा लागत नाही.

वाटेत पोचा पडला, तर साफ केलेल्या फोटोचा माझ्या बाजूने काही उपयोग होतो का?

उलट तोटा होतो, आणि हा मुद्दा दुकानदाराच्या स्वतःच्या फायद्याचा आहे. हंड्यावरच्या दोन जुन्या बारीक खुणा आपण फोटोतून पुसल्या असतील, तर गिऱ्हाइकाने पाठवलेल्या फोटोतील तिसरी खूण कुरिअरची आहे हे सिद्ध करायला आपल्याजवळ काही उरत नाही. आपल्या फोटोप्रमाणे तिन्ही खुणा वाटेत पडलेल्या ठरतात. कुरिअरवाल्यालाही असा फोटो दाखवून उपयोग नसतो.

म्हणून विक्रीच्या फोटोंखेरीज प्रत्येक पार्सल बांधण्याआधी काठ, पोट आणि बूड असे तीन फोटो घ्यावेत, त्यांवर काहीही फेरफार करू नये, आणि बांधतानाचे लहान चित्रीकरण ठेवावे. हे फोटो गिऱ्हाइकाला आधीच पाठवले तर आणखी चांगले. व्हॉट्सॲपवर पाठवताना ते एचडी प्रतीत पाठवावेत, कारण नेहमीच्या प्रतीत बारीक ओरखडे विरून जातात आणि न पुसताच पुसल्यासारखे होते.

हेच नियम साडी आणि कपड्यांनाही लागू आहेत का?

कसोटी तीच आहे. इस्त्रीने जाणारी चुणी फोटोतून पुसली तर कोणी तक्रार करत नाही. विणीतील गाठ, रंगाचा फटका किंवा पदराचा जोड पुसला तर करते. नक्षीच्या कापडावर पुसणी चालवताना बुट्ट्या मोजून घ्याव्यात, कारण भरणा करताना एखादा बुट्टा वाढतो किंवा दोन बुट्ट्यांतले अंतर बदलते. जळगावच्या फुले मार्केटसारख्या ठिकाणी कापड हाताने चाचपून घेणारे गिऱ्हाईक फोटोवरून घेताना नक्षीचीच खातरजमा करते.

जुन्या, वापरलेल्या मालाच्या फोटोत मात्र भांडे असो वा कापड, मालावरचे काहीही पुसू नये.

आधीच लावलेले, जास्त साफ केलेले फोटो बदलावेत का?

बदलावेत, पण सगळे एका दिवसात नाही. ज्या मालाबद्दल "फोटोसारखे नाही" असे कोणी म्हटले आहे किंवा जो माल परत आला आहे, त्याचे फोटो आधी घ्यावेत. त्यानंतर झाळ किंवा रिबिटे असलेली भांडी, मग गोल बुडाची, आणि यंत्रावर काढलेली स्टीलची पातेली सर्वांत शेवटी, कारण त्यांत लपण्यासारखे फारसे नसते. मूळ फोटो जपून ठेवलेला असेल तर फक्त मागची पार्श्वभूमी पुन्हा साफ करून तोच लावता येतो. नसेल, तर नवा फोटो लागेपर्यंत वर्णनात आजच एक ओळ जोडून ठेवावी : "पोटावर झाळीचा सांधा आहे, फोटोत तो स्पष्ट दिसत नाही, मागितल्यास जवळचा फोटो पाठवू." अशी ओळ वाचून जो फोटो मागेल त्याला त्याच्याच नगाचा, त्याच दिवशी काढलेला फोटो पाठवावा आणि तो नग बाजूला, त्याच्या नावाची चिठ्ठी पिशवीवर लावून ठेवावा; चिठ्ठी भांड्यावर चिकटवू नये.